हिरवा जातो, पिवळसर येतो

बेंझीनवर ५३२ नॅनोमीटरचा हिरवा लेझर सोडला, तर विखुरलेला बहुतेक प्रकाश हिरवाच राहतो. कोट्यवधींतला एखादा फोटॉन मात्र रेणूतल्या सहा कार्बनांच्या वलयाला कंप देऊन जातो. हे वलय श्वास घेतल्यासारखे फुगू-आकसू लागते आणि तेवढी ऊर्जा गमावलेला फोटॉन सुमारे ५६२ नॅनोमीटरचा, पिवळसर होऊन बाहेर पडतो. हेच रामन विकिरण. आधीच कंप पावणाऱ्या रेणूकडून ऊर्जा उचलणारा फोटॉन ५०५ वर दिसतो. पण खोलीच्या तापमानाला असा रेणू शंभरात एकही नसतो, म्हणून ती रेषा फार फिकी.

ही चमक साध्या प्रतिदीप्तीची तर नाही? लेझर बदलून पाहावा. ७८५ नॅनोमीटरचा घेतला, तर रामन रेषा ८५१ वर सरकते, कारण ऊर्जेतला फरक तोच राहतो. प्रतिदीप्ती जागची हलत नाही.