लाल रेषेनंतरचे दीडशे रुपये

चंद्रपुरात शेअरची गोष्ट निघाली की लॉइड्स मेटल्सचं नाव येतंच. खाण गडचिरोलीच्या सुरजागडला, कारखाना घुग्घुसला; ट्रक रोज डोळ्यांपुढून जातात. अशा ओळखीच्या शेअरवर सुपरट्रेंड लावून बसणारे बरेच. रेष हिरवी असेतो धरायचं, लाल झाली की विकायचं.

रेषेमागचं गणित एकदा हाताने करून बघावं. आकडे समजुतीसाठी घेतो. कालचा एटीआर, म्हणजे रोजच्या चढउताराची सरासरी, ४० रुपये. आज उच्चांक १२३०, नीचांक आणि बंद भाव ११७०, कालचा बंद भाव १२१०. आजची खरी हालचाल ६०. दहा दिवसांच्या वाइल्डर सरासरीने नवा एटीआर (४० × ९ + ६०) ÷ १०, म्हणजे ४२. दिवसाचा मध्य १२००; त्यातून तीन एटीआर वजा केले की १०७४. पण कालची हिरवी रेष १०९० वर होती, म्हणून ती तिथंच राहते. भाव रेषेच्या वर बंद होत असेतो ती खाली सरकत नाही.

दुसऱ्या दिवशी भाव ११४० ते १०८० फिरून १०८५ ला बंद झाला. रेष उलटली. आदल्या बंद भावापासून मोजलेली खरी हालचाल ९०, म्हणून एटीआर झाला ४६.८, मध्य १११०, आणि लाल रेष थेट १२५० वर जाऊन बसली. पलटी खोटी निघाली तर खरं दुखणं इथं आहे. १०८५ ला विकलेला शेअर नियमाप्रमाणे परत घ्यायचा तर भाव १२५० च्या वर बंद व्हायला हवा. दीडशेहून अधिक रुपये महाग. मधल्या काळात भाव खालीच रेंगाळला तर लाल रेष थोडी उतरते, एवढाच दिलासा.

गुणक तीनऐवजी दोन घेतला तर हे अंतर कमी होतं, पण पलट्या वाढतात आणि प्रत्येक खरेदी-विक्रीवर कर व दलाली जाते. मी १०, ३ घेतो आणि जुन्या भावांवर अडीच व साडेतीनही तपासतो. तिन्हींचा निकाल साधारण एका दिशेचा हवा. एकच आकडा चमकत असेल तर तो योगायोग समजावा.

निर्णय साडेतीननंतर, बंद भावावरच. दुपारी लाल दिसलेली रेष संध्याकाळी पुन्हा हिरवी असू शकते. शिवाय पलटीनंतर मी आणखी एक बंद भाव पाहतो. त्यासाठी १०९० हा आकडा वहीत लिहावा लागतो, कारण पडद्यावरचा चालू आकडा आता लाल रेषेचा असतो. पलटीच्या दुसऱ्या दिवशी भाव त्याच्या वर बंद झाला तर रेष लाल असूनही शेअर ठेवतो, आणि मर्यादा तीच १०९०. खाली बंद झाला तर विकतो. या सबुरीची किंमतही आहे: लोअर सर्किट लागलं तर विकायला गेलेल्याला घेणारा मिळत नाही, आणि अशा दिवशी पहिल्याच पलटीला विकलेला माणूस शहाणा ठरतो.