तालीम कोणाची?

‘मास्तराचे व्यक्तिचित्रण करा’, ‘बनगरवाडीतील निसर्गचित्रणावर टीप लिहा’, ‘कादंबरीचे प्रादेशिक वेगळेपण सोदाहरण स्पष्ट करा’. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ 1955 साली पुस्तकरूपात आली. तेव्हापासून ती अनेक अभ्यासक्रमांत नेमली गेली आणि हे प्रश्न तिच्या पाठीमागे सावलीसारखे फिरत राहिले. मी स्वतः पेपर काढायला लागलो तेव्हा मीही हेच प्रश्न काढले. मग त्याच प्रश्नांच्या उत्तरपत्रिका तपासायला आल्या. तिसाव्या गठ्ठ्यापाशी माझ्या लक्षात आलं, की आपण एकच उत्तर शे-दीडशे वेळा वाचतोय आणि ते उत्तर गाइडमधलं आहे.

दोष मुलांचा नव्हता. ‘व्यक्तिचित्रण करा’ म्हटल्यावर मूल करणार काय? मास्तर तरुण आहे, प्रामाणिक आहे, ध्येयवादी आहे, प्रेमळ आहे. चार विशेषणं, चार प्रसंग आणि शेवटी ‘अशा प्रकारे’. यात वाद घालायला जागाच नाही. मास्तर प्रामाणिक नाही असं कोण म्हणणार?

वादाला बोलावणाऱ्या प्रश्नाची माझी कसोटी साधी आहे. पुस्तक नीट वाचलेल्या दोन माणसांनी त्याची दोन उलटी उत्तरं द्यावीत आणि दोघांनाही आपल्या बाजूने पुस्तकातली पानं उघडून दाखवता यावीत. एकालाच पानं सापडत असतील तर तो प्रश्न माहितीचा झाला. दोघांनाही सापडत नसतील तर तो गप्पांचा.

या कसोटीला उतरलेला माझा सगळ्यात आवडता प्रश्न असा: ‘तालीम ही वाडीची गरज नव्हती, ती मास्तराची गरज होती. हे विधान तुम्हाला कितपत पटते?’

कादंबरी वाचून बरीच वर्षं झाली असतील त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. औंध संस्थानातली धनगरांची एक लहानशी वाडी. तिथल्या शाळेवर एक कोवळा पोरगेला मास्तर येतो. सुरुवातीला शाळेत मुलं नाहीत आणि मास्तराला कोणी मोजतही नाही. हळूहळू वाडीचा वृद्ध कारभारी त्याच्या बाजूने उभा राहतो, मुलं जमतात, लोक आपली गाऱ्हाणी घेऊन त्याच्याकडे यायला लागतात. मग मास्तराच्या मनात येतं, की वाडीत तालीम असावी. लोक अंगमेहनतीने ती उभी करतात आणि उद्घाटनाला खुद्द राजेसाहेब येतात. पुढे पाऊस दगा देतो. मेंढरं मरतात, माणसं जित्राबं हाकत जगायला बाहेर पडतात, वाडी ओस पडते. मास्तरही निघतो.

आता प्रश्नाकडे पाहा. त्यातला ‘कितपत’ हा शब्द मी मुद्दाम ठेवला आहे. ‘पटते का’ असं विचारलं की मुलं हो किंवा नाही लिहून मोकळी होतात. ‘कितपत’ म्हटलं की वजन करावं लागतं. आणि विधानात ‘केवळ’, ‘सर्वस्वी’, ‘मुळीच’ असले शब्द नाहीत. ते असते तर एकाच उलट उदाहरणाने विधान आडवं झालं असतं, आणि मुलाला वाटलं असतं की आपण कुस्ती जिंकली. समोरचा गडी मुळातच पेंढ्याचा होता हे त्याला कळलंच नसतं. प्रश्न काढणाऱ्याची हीच चूक मी सर्वांत जास्त पाहिली आहे. दुसरी चूक म्हणजे एका विधानात दोन विधानं कोंबणं. ‘मास्तर सुधारक होता, म्हणूनच तो अपयशी ठरला’ असं विचारलं तर मूल पहिल्या अर्ध्याला हो म्हणतं, दुसऱ्याला विसरतं आणि गुण कशाला द्यायचे यावर तपासणाऱ्यांची भांडणं होतात.

तालमीच्या प्रश्नाला कमकुवत उत्तर कसं येतं, ते पहिल्या पाच ओळींत कळतं. मास्तर गावात कसा आला इथून सुरुवात होते. मग वाक्यं ‘त्यानंतर’, ‘पुढे’, ‘एके दिवशी’ अशी चालत राहतात. पुरवणी जोडेपर्यंत कादंबरीचा सारांश संपतो आणि शेवटच्या दोन ओळींत ‘म्हणून वरील विधान योग्य आहे’. आधीच्या तीन पानांचा त्या ‘म्हणून’शी काही संबंध नसतो. तेच सारांशाचं उत्तर ‘वरील विधान अयोग्य आहे’ असं संपवलं तरी चाललं असतं. ही माझी तपासण्याची युक्तीच आहे: शेवटचं वाक्य मनात उलटं करून पाहायचं. आधीचा मजकूर त्याला विरोध करत नसेल, तर तिथे युक्तिवाद नव्हता.

चांगलं उत्तर पहिल्याच परिच्छेदात बाजू घेतं. समजा एखादी मुलगी म्हणाली, की विधान बरंचसं पटतं. ती मग कल्पना कोणाच्या डोक्यातून निघाली तिथून सुरू करते. वाडीतल्या कोणी उठून ‘आम्हाला तालीम पाहिजे’ असं म्हटलेलं नाही. वाडीची खरी गरज काय, हे कादंबरी दुसऱ्या एका प्रसंगातून दाखवते. शेकूकडे जोडीचा बैल नाही, म्हणून त्याची बायको स्वतःच जू खांद्यावर घेते. ज्या वाडीत बाईला बैलाच्या जागी उभं राहावं लागतं, त्या वाडीला कुस्तीच्या मातीची निकड कितीशी? दोन प्रसंग असे शेजारी ठेवले की उत्तर जिवंत होतं. कादंबरीने ते शेजारी ठेवलेले नाहीत, वाचणाऱ्याने ठेवले. गुण मी त्यालाच देतो.

पण उत्तर तिथे थांबलं तर ते अर्धंच. उत्तम उत्तर आपल्याच विरुद्ध जाणारं पान स्वतः उघडतं. तालीम मास्तराची हौस होती असं मानलं, तर ती उभी कोणी केली? पैसा नव्हता. हातांनीच काम झालं. शासनाचा हुकूम नव्हता. सक्ती करायला मास्तराकडे होतं तरी काय? ज्याला पहिल्या दिवशी कोणी विचारलं नाही, त्याच्या शब्दावर माणसं दगडमाती वाहतात. त्यात कोण मनापासून राबला आणि कोणी कुरकुर केली, हे पानावर जाऊन शोधणारा विद्यार्थी हमखास वरच्या गुणांत जातो. कारण मग त्याला ‘वाडी’ हा एकच पुतळा दिसत नाही. तिथे वेगवेगळी माणसं दिसायला लागतात. आणि एकदा काम सुरू झाल्यावर ती मास्तराची कल्पना राहिली की वाडीची झाली, हा खरा पेच समोर येतो. गरज आधी असते आणि काम मागून येतं, असंच नेहमी घडतं का? कधी काम करता करताच माणसांना ते आपलं वाटायला लागतं. ‘विधान सुरुवातीपुरतं खरं आहे, शेवटपर्यंत नाही’ इथवर आलेल्या उत्तराला मी पंधरापैकी बारा-तेरा देतो.

या प्रश्नात एक खड्डाही आहे. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी सूर्यनमस्काराचे मोठे पुरस्कर्ते होते आणि त्यांनी 1939 साली प्रजेला स्वराज्य दिलं, हे मुलांना ठाऊक असतं. हुशार मुलं यावर दीड पान लिहितात. माहिती बरोबर असते, पण ती उत्तर नसते. हाच संदर्भ ‘व्यायामाचं वेड संस्थानात वरूनच होतं, म्हणजे तालमीची कल्पना मास्तराचीही स्वतःची कितपत?’ अशा वाक्याला जोडला, तर तो एकदम कामाचा होतो. एका वाक्याचं काम आहे ते. दीड पानाचं नाही.

दुसरा प्रश्न मी जरा जपून देतो: ‘कारभाऱ्याचा संशय अन्यायाचा होता, पण अनाठायी नव्हता.’ कारभाऱ्याची तरुण मुलगी अंजी मास्तराला चोळी आणायला सांगते आणि त्यावरून म्हाताऱ्याचं मन फिरतं. बहुतेक मुलं मास्तराचं वकीलपत्र घेतात. त्याच्या मनात काही नव्हतं, कारभाऱ्याचा गैरसमज झाला, संपलं. इथे वरच्या दर्जाचं उत्तर एक साधी गोष्ट ओळखतं. ही कादंबरी ‘मी’ सांगतो, आणि हा ‘मी’ म्हणजे मास्तर. त्याच्या मनात काही नव्हतं हे आपल्याला त्याच्याच तोंडून कळतं. कारभाऱ्याला ही सोय नाही. त्याला फक्त बाहेरून दिसतं: परका, एकटा, बिनलग्नाचा पोरगा, आणि आपल्या मुलीसाठी आणलेली चोळी. चोळी ही काही पाटी-पेन्सिल नाही. ते वस्त्र कोणी कोणाला आणायचं याचे कायदे गावात न लिहिताच पक्के असतात. हे ज्याने लिहिलं, त्याला ‘निवेदक’ ही संज्ञा माहीत नसली तरी मला चालते. संज्ञा घोकून प्रसंग विसरलेल्यांपेक्षा तो पुढे आहे.

शेवटाबद्दलचा प्रश्न मला आता फारसा आवडत नाही. ‘दुष्काळ कथेतून येतो की बाहेरून लादला जातो?’ असं विचारलं की मुलं दुष्काळाचं वर्णन लिहितात. एखादाच कोणी सांगतो, की या वाडीचं सगळं जगणं पावसावर टांगलेलं आहे हे पहिल्यापासून दिसत होतं, फक्त आपण मास्तराच्या यशात रमलो होतो.

तालमीच्या प्रश्नाला एकदा एक उत्तर आलं होतं, ते सांगतो. मुलाचं अक्षर वाईट, शुद्धलेखन त्याहून वाईट. त्याने लिहिलं होतं, की गरज कोणाची हा प्रश्नच चुकला. वाडी ओस पडली तेव्हा मेंढरं बरोबर नेता आली, भांडी नेता आली, तालीम मात्र जागेवर राहिली. जी वस्तू उचलून नेता येत नाही, ती भटक्या माणसाने बांधली याचाच अर्थ तो तिथे राहणार होता. म्हणजे तालीम ही वाडीची गरज नव्हती, ती वाडीची पैज होती. पावसाशी लावलेली.

मी त्याला चौदा दिले. पुनर्तपासणीत एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी ते सात केले आणि शेरा मारला: प्रश्नाला धरून उत्तर नाही. आम्ही दोघं चहा गार होईपर्यंत भांडलो. पेपर मी काढला होता, तरी माझा प्रश्न चुकीचा आहे असं म्हणणाऱ्याची बाजू मीच मांडत होतो. त्यांना हे काही केल्या उमगत नव्हतं. शेवटी अकरावर तोडगा निघाला.