वहिनींच्या आंब्याची जाहिरात

'उत्तम प्रतीचा, गोड, रसाळ, नैसर्गिकरीत्या पिकवलेला सेंद्रिय केशर आंबा घाऊक दरात मिळेल. एक्स्पोर्ट क्वालिटी. माल २० टन.'

ही जाहिरात मीच लिहून दिली होती. माझ्या चुलतभावाच्या बायकोसाठी, म्हणजे आमच्या वहिनींसाठी. पैठणच्या बाजूला त्यांची चार एकर केशरची बाग आहे. आधी माल जाधववाडीच्या मार्केटला आडत्याकडे टाकून मोकळ्या व्हायच्या. मग शेड घातली, आंबा पिकवायची खोली बांधली, शेजारच्या तीन बागांचा माल घ्यायला लागल्या. आता घाऊक खरेदीदार जिथे माल शोधतात, त्या बाजाराच्या साइटवर नाव नोंदवायचं होतं. "ताई, तुमचं लिहिणं छापून येतं, तुम्हीच लिहा," म्हणाल्या. मी अर्ध्या तासात लिहून दिलं आणि मनात खूशही झाले.

आठवड्यात तीन फोन आले. तिसरा पुण्याच्या एका व्यापाऱ्याचा होता. त्याने गोडीबद्दल एक शब्द विचारला नाही. "पेटीत फळं किती? मेच्या तिसऱ्या आठवड्यात पेट्या किती देणार? सेंद्रियचं सर्टिफिकेट आहे का?" वहिनींनी फोन माझ्या हातात दिला, आणि मी तो परत त्यांच्या हातात दिला. दोघींचीही बोलती बंद!

त्या रविवारी मी बागेत गेले. वही घेऊन दोघी ओट्यावर बसलो आणि माझ्या जाहिरातीतला एकेक शब्द तपासायला घेतला.

सुरुवात '२० टना'पासून केली. हा आकडा मी कुठून आणला होता, तर भाऊ बोलता बोलता म्हणाला होता! वहिनींच्या बागेत झाडं १४ बाय ५ फुटांवर आहेत. जुन्या पद्धतीत दहा-दहा मीटरवर लावली तर एकरात जेमतेम चाळीस झाडं बसतात, या पद्धतीत सहाशेच्या वर बसतात. झाड मात्र दरवर्षी छाटून बुटकं ठेवावं लागतं, नाहीतर आत ऊन शिरत नाही आणि नुसता पाला वाढतो. चार एकरांत साधारण अडीच हजार लावली होती, त्यातली आज तेवीसशे उभी आहेत. गेल्या हंगामात झाडामागे सरासरी सात किलो आंबा उतरला. म्हणजे झाले सोळा टन. आता त्यातला विकाऊ किती? वाऱ्याने पडलेला, डाग पडलेला, फार बारीक असा तीन टन बाजूला गेला. चार टन दुसऱ्या प्रतीचा. व्यापाऱ्याला दाखवावा असा उरला नऊ टन. जाहिरातीतल्या वीसचे नऊ झाले तेव्हा वहिनींचा चेहरा उतरला. मी म्हटलं, "आकडा माझा चुकला, आंबा तुमचा तेवढाच आहे."

मग पेटी. केशरचं फळ साधारण दोनशे ते तीनशे ग्रॅमचं. अडीचशेची बारा घेतली की तीन किलोची पेटी होते. पण इथे एक गंमत आहे, जी वहिनींना पैसे घालवून कळली. हिरवा, कडक आंबा पिकताना त्यातलं पाणी उडतं. पेटी भरताना तीन किलो भरलेली पेटी समोरच्याने पाच-सहा दिवसांनी वजनाला लावली की पावणेतीनच्या आसपास भरते. एका गिऱ्हाइकाने मागे तेवढ्यावरून पैसे कापले होते आणि वहिनींना वाटलं माणूस खोटं बोलतोय. तो खोटं बोलत नव्हता. आता आम्ही ठरवलं, भरताना ३ किलो २०० ग्रॅम भरायचं, फळ थोडं मोठं निवडायचं आणि तसं लिहायचंही. नऊ टनांच्या अशा पेट्या झाल्या सुमारे अठ्ठावीसशे.

त्या एका दिवशी थोड्याच मिळणार? आपल्याकडचा केशर खरा उतरतो मेमध्ये. मागच्या वर्षीची काढणीची वही होती (वहिनी शाळेत असल्यापासून वहीच्या पक्क्या), ती उघडली. पहिल्या आठवड्यात साडेचारशे, दुसऱ्या-तिसऱ्यात साडेनऊशे-साडेनऊशे, शेवटी पुन्हा साडेचारशे. व्यापाऱ्याला हेच हवं होतं. त्याला दुकानांना रोज माल पुरवायचा असतो, हंगामाची बेरीज घेऊन तो काय करणार?

एप्रिलमध्ये भाव चढा असतो, म्हणून अनेकजण कोवळा आंबा उतरवतात. असा आंबा पिवळा होतो, पण साल सुरकुतते आणि चव आंबट-पाणचट लागते. तयार फळ ओळखायचं कसं? देठाजवळचे खांदे भरून देठाच्या वर येतात. झाडावर पाड लागायला सुरुवात होते, म्हणजे एखाददुसरा आंबा आपोआप पिकून गळतो. आणि सगळ्यात सोपं म्हणजे बादलीभर पाणी. चार फळं टाकायची. बुडाली तर तयार, तरंगली तर थांबायचं. वहिनी ऊन चढायच्या आत, कात्रीने, थोडा देठ ठेवून फळ तोडतात. देठ मुळापासून तुटला की चीक सालीवर ओघळतो आणि तिथे काळा डाग पडतो. मग शेडमध्ये देठ आखूड करून फळं पालथी ठेवतात, चीक निथळून जातो. ही दोन वाक्यं मी जशीच्या तशी जाहिरातीत घेतली.

'नैसर्गिकरीत्या पिकवलेला' या शब्दांवर मात्र थांबावं लागलं. कारण वहिनींकडे आढी नाही, खोली आहे. विशीच्या आसपास तापमान ठेवून तिथे इथिलीन वायू सोडतात, एका दिवसाने दार उघडून हवा खेळती करतात. आंबा पिकताना स्वतःही हाच वायू सोडत असतो. कॅल्शियम कार्बाइडने फळ पिकवायला कायद्याने बंदी आहे. इथिलीन वायूला मात्र २०१६ पासून ठरावीक प्रमाणात परवानगी आहे. मग लपवायचं कशाला? सगळी पेटी एकाच दिवशी एकसारखी पिकते, हे तर व्यापाऱ्याच्या फायद्याचंच. 'नैसर्गिक' खोडलं आणि 'कार्बाइड वापरत नाही, इथिलीनच्या खोलीत पिकवतो' असं लिहिलं.

खरा वाद झाला 'सेंद्रिय'वरून. वहिनी जीवामृत करतात, निंबोळी अर्क मारतात, शेणखताचा ढीग तर अंगणातच. पण मोहोराच्या वेळी तुडतुडे आणि भुरी आली की दोन-तीन फवारण्या औषधाच्या होतातच. नाही केल्या तर मोहोर काळा पडून गळतो. मी म्हटलं, "मग सेंद्रिय लिहिता येणार नाही." अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा २०१७ चा नियम आहे, सेंद्रिय म्हणून विकायचं तर त्याचं प्रमाणपत्र लागतं. फळबागेला तर त्याआधी तीन वर्षं रासायनिक काहीच न वापरता काढावी लागतात.

वहिनी चिडल्या. "मग एवढं शेण-गोमूत्र मी कशाला कालवलं? बाकीचे लिहितातच की लई जण!"

त्यांचा राग मला कळत होता. मेहनत खरी होती, शब्द तेवढा त्यांचा नव्हता. थोड्या वेळाने त्याच म्हणाल्या, "फवारणीची वही दाखवली तर?" आणि तेच केलं. कोणतं औषध, कोणत्या तारखेला, काढणीआधी किती दिवस बंद, हे सगळं त्यांच्याकडे लिहिलेलं होतंच. काढणीआधी फळांचा नमुना प्रयोगशाळेत देऊन औषधाचा उर्वरित अंश तपासायचा आणि तो अहवाल मागेल त्याला पाठवायचा, असंही ठरलं.

'एक्स्पोर्ट क्वालिटी' मी स्वतःच काढलं. २०१४ च्या मेमध्ये युरोपने भारतीय आंबा बंद केला होता, पेट्यांमध्ये फळमाशी सापडली म्हणून. पुढच्या वर्षी बंदी उठली. आता तिकडे जाणाऱ्या आंब्याला ४८ अंशांच्या गरम पाण्यात तासभर ठेवावं लागतं, बागेची नोंदणी आधी करावी लागते. जालन्याला पणन मंडळाचं केशर निर्यातीचं केंद्र आहे, वहिनी कधीतरी तिथे जातीलही. पण आज गेलेल्या नाहीत. तसंच 'मराठवाडा केशर' हे नाव. २०१६-१७ मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळालं. पण ते नाव पेटीवर छापायचं तर वापरकर्ता म्हणून नोंद करावी लागते. वहिनींनी तो अर्ज भरलाच नव्हता, म्हणून सध्या नुसतं 'केशर, तालुका पैठण'.

शेवटी अडलं ते शेजारच्या तीन बागांपाशी. पुण्याचा व्यापारी एका आठवड्यात दीड हजार पेट्या मागत होता. आपल्या साडेनऊशे. भाऊ म्हणाला, "बाकीच्या शेजारच्या घालू, आंबा तर एकच." पण त्या बागांतली झाडं मोठी, जुन्या अंतरावरची, आंबा उंचावरून उतरवलेला, आणि फवारणीची वही एकाकडेही नाही. एका पेटीत डाग निघाला तर नाव वहिनींचं जाणार होतं. त्यांनीच ठरवलं : शेजारचा माल वेगळा लिहायचा, वेगळ्या चिठ्ठीचा, दर थोडा कमी.

जे साइटवर गेलं ते असं :

'केशर आंबा, तालुका पैठण. स्वतःची चार एकर बाग, ठिबकवर. बारा फळांची पेटी, भरताना वजन ३ किलो २०० ग्रॅम. पिकल्यावर सुमारे तीन किलो. मे महिन्यात चार आठवडे मिळून २८०० पेट्या. आठवड्यागणिक ४५०, ९५०, ९५०, ४५०. वारा-गारपीट झाल्यास त्याच दिवशी कळवू. पाड लागल्यावरच काढणी, देठासह. कार्बाइड नाही, इथिलीनच्या खोलीत पिकवतो. हिरवा मालही देऊ. मोहोरावर औषधाची फवारणी होते, नोंदवही व तपासणी अहवाल मिळेल. शेजारच्या तीन बागांचा माल वेगळ्या चिठ्ठीने, वेगळ्या दराने.'

वहिनींनी दोनदा वाचलं. "ताई, आंबा गोड आहे हे कुठंच आलं नाही की!"

मी म्हटलं, गोड सगळेच लिहितात. तेव्हा भावाने कुठूनसं ते गोडी मोजायचं छोटं यंत्र आणून दिलं, दुर्बिणीसारखं, काचेवर रसाचा थेंब टाकून डोळ्याला लावायचं. मेमध्ये पहिला पाड पिकला तेव्हा वहिनींचा फोन आला. "एकोणीस आलं! लिहा आता." त्याच दुपारी मी ओळ वाढवली : 'पिकलेल्या फळाची गोडी १८ ते २० ब्रिक्स.'

पुण्याच्या व्यापाऱ्याने दीड हजार पेट्यांचा हट्ट सोडला. पहिल्या आठवड्याच्या दोनशे पेट्या नमुन्याला मागवल्या आणि तीन किलो दोनशे भरतात का, हे स्वतः उभं राहून बघायला येतो म्हणाला.