विश्लेषण : मंजूर झालेले रेंडर पुन्हा तसेच का येत नाही?

घराचे दर्शनी चित्र, म्हणजे एलिव्हेशनचे रेंडर, एआयच्या मदतीने करून देणे आता दोन संगणकांच्या स्टुडिओलाही जमते. अडचण पुढे येते. समजा, लातूरच्या एका बिल्डरने नांदेडच्या स्टुडिओकडून आठ रो-हाऊसचे रेंडर जूनमध्ये मंजूर केले. त्यावर माहितीपत्रक छापले, रस्त्याकडेला फ्लेक्स लागला, बुकिंगही सुरू झाले. दिवाळीनंतर त्याचा फोन येतो, ‘तोच बंगला हवा, फक्त गॅलरीला लोखंडी ग्रीलऐवजी काच दाखवा. बाकी काही हलवू नका.’ काम करणारा मुलगा तोवर पुण्याला गेलेला असतो. प्रॉम्प्ट व्हॉट्सअ‍ॅपच्या संभाषणात सापडतो. तो जसाच्या तसा टाकला तरी खालचा काळा दगड वेगळा, आकाश वेगळे, झाडे वेगळी. गिऱ्हाइकाच्या दृष्टीने ते दुसरेच घर असते.

प्रॉम्प्ट तोच, मग चित्र वेगळे का?

कारण प्रॉम्प्ट हा त्या चित्राचा एकच घटक असतो. स्टेबल डिफ्युजनसारखे मॉडेल जुन्या टीव्हीवरच्या मुंग्यांसारख्या गोंधळापासून सुरुवात करते आणि टप्प्याटप्प्याने तो साफ करत चित्रापर्यंत पोहोचते. सुरुवातीच्या मुंग्या कशा असतील, हे एका आकड्यावर ठरते. त्याला सीड म्हणतात. सीडच्या रकान्यात `-1` असेल तर प्रत्येक वेळी नवा आकडा निवडला जातो. म्हणूनच वहीत ‘सीड -१’ असे लिहून ठेवण्याचा काहीच उपयोग नाही. प्रत्यक्षात वापरला गेलेला आकडा लिहावा लागतो.

त्याशिवाय मॉडेलची नेमकी फाइल, सॅम्पलर, टप्प्यांची संख्या, प्रॉम्प्टला किती धरून राहायचे याचा आकडा आणि चित्राचा आकार हेही तेच हवेत. नुसता आकार बदलला, तरी सुरुवातीचा गोंधळ बदलतो आणि रचना हलते.

ही माहिती कुठे मिळते?

स्टेबल डिफ्युजनसाठी वापरला जाणारा ऑटोमॅटिक१११ हा प्रोग्रॅम ही बरीचशी माहिती मूळ पीएनजी फाइलमध्येच लिहून ठेवतो. `PNG Info` या टॅबवर फाइल ओढून टाकली की ती अशी दिसते :

```
two-storey row house, rough black basalt base, white walls, soft light
Negative prompt: people, text, cars
Steps: 30, Sampler: DPM++ 2M, Schedule type: Karras, CFG scale: 6,
Seed: 2718401563, Size: 768x512, Model hash: 6ce0161689,
Model: v1-5-pruned-emaonly, Version: v1.10.1
```

यातला `Model hash` महत्त्वाचा. फाइलचे नाव कोणीही बदलू शकते, पण हॅश फाइलच्या आतल्या मजकुरावरून निघतो. एकाच नावाच्या दोन फाइली वेगळ्या असतील, तर त्या इथे पकडल्या जातात.

मात्र हीच पीएनजी व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवली, तर ती दाबून जेपीईजी होते आणि आतली सगळी नोंद पुसली जाते. डॉक्युमेंट म्हणून पाठवली तर टिकते. गिऱ्हाइकाने ‘हेच फायनल’ म्हणून परत पाठवलेला फोटो त्यामुळे फक्त ओळखण्यापुरता उपयोगी.

पीएनजीत न येणाऱ्या गोष्टीही आहेत. रो-हाऊसच्या रेंडरमागे बहुधा स्केचअपमधून काढलेले रेषाचित्र असते आणि कंट्रोलनेटच्या मदतीने मॉडेलला त्या रेषांवर बांधून ठेवलेले असते. त्याच्या सेटिंग पीएनजीत लिहिल्या जातात, पण रेषाचित्र स्वतः त्यात नसते. ते हरवले की खिडक्यांची जागाही हरवली. शेवटी फोटोशॉपमध्ये केलेला बदल, उदाहरणार्थ वायर खोडणे किंवा आकाश उजळवणे, त्याचीही नोंद कुठेच होत नाही.

नोंद कशी ठेवावी?

प्रत्येक कामाचे एक फोल्डर पुरते. त्यात मंजूर पीएनजी, रेषाचित्र, फोटोशॉपची फाइल आणि एक साधी टेक्स्ट फाइल. प्रॉम्प्टचे संग्रहालय वेगळे ठेवावे, कारण ‘काळ्या दगडाचा पाया’ किंवा ‘संध्याकाळचा प्रकाश’ असे तुकडे दहा कामांत पुन्हा लागतात. अशा तुकड्याला आवृत्तीचा क्रमांक द्यायचा आणि कामाच्या फाइलमध्ये तो क्रमांक लिहायचा.

आवृत्तीच्या टिपेत काय बदलले याबरोबर का बदलले हेही हवे. ‘दगड, आ. ३ : black stone लिहिल्यावर गुळगुळीत ग्रॅनाइट येत होते, बिल्डरला खडबडीत काळा दगड हवा, म्हणून rough black basalt’ एवढे एक वाक्य सहा महिन्यांनी कामाला येते. ते नसेल, तर नवीन माणूस ‘सुधारणा’ म्हणून जुना शब्द परत घालतो. मंजूर आवृत्तीला हात लावायचा नाही, बदल हवा असेल तर नक्कल करून पुढचा क्रमांक द्यायचा.

नोंद पुरी आहे हे कसे कळणार?

मंजुरीच्या दिवशीच तपासून. प्रोग्रॅम बंद करून पुन्हा सुरू करावा, केवळ फोल्डरमधल्या नोंदीवरून चित्र काढावे आणि फोटोशॉपमध्ये मंजूर चित्रावर ठेवून `Difference` हा मोड लावावा. तुलना फोटोशॉपचे काम करण्यापूर्वीच्या पीएनजीशी करायची. सगळे काळे दिसले, तर दोन्ही एकच आहेत. तुरळक ठिपके चमकले तर काळजी नाही. वेग वाढवणाऱ्या एक्सफॉर्मर्ससारख्या सुविधांनी एवढा फरक पडतो. घराच्या कडा उठून दिसल्या, तर काहीतरी नोंदायचे राहिले आहे.

काय राहिले, याचा अंदाजही चित्रावरून येतो. घराचा आकार जुळतो पण दगडाचा पोत आणि आकाश वेगळे, तर संशय सीडवर. खिडक्याच सरकल्या, तर रेषाचित्र किंवा त्याचा जोर बदलला. सगळे जुळते पण रंग धुतल्यासारखे फिके, तर बहुधा व्हीएई नावाची जोडफाइल लावायची राहिली. नवा संगणक घेतल्यावर सीड जुळूनही चित्र बदलले, तर ग्राफिक्स कार्ड पाहावे. सुरुवातीचा गोंधळ मुळात कार्डवर तयार होतो आणि दुसऱ्या कंपनीच्या कार्डवर तो वेगळा निघू शकतो. सेटिंगमध्ये `Random number generator source` ला `CPU` निवडले की ही अडचण टळते, पण ते पहिल्या दिवसापासून करायला हवे.

लातूरच्या बिल्डरला हवी असलेली काचेची गॅलरीही याच मार्गाने जाते. आधी जूनचे चित्र हुबेहूब काढायचे. मग प्रॉम्प्ट बदलून पूर्ण चित्र पुन्हा काढायचे नाही, कारण सीड तोच असला तरी एका शब्दाने बाकीचे घरही थोडे हलते. फक्त गॅलरीवर मास्क लावून तेवढाच भाग नव्याने काढायचा आणि तो मास्कही फोल्डरमध्ये ठेवायचा.

मर्यादा कोणत्या?

मॉडेलची फाइल इंटरनेटवर कायम राहील, असे धरून चालू नये. स्टेबल डिफ्युजन १.५ ची फाइल रनवे कंपनीने हगिंग फेसवरील आपल्या पानावरून ऑगस्ट २०२४ मध्ये काढून टाकली. इतरांनी ठेवलेल्या प्रती राहिल्या, पण त्यावर विसंबणे म्हणजे नशिबावर सोडणे. वर दिलेली फाइल सुमारे ४ जीबीची आहे. बाहेरच्या हार्डडिस्कवर तिला सहज जागा होते.

ऑनलाइन सेवांचे तसे नाही. मिडजर्नीत `--seed` आणि `--v` लिहून ठेवता येतात, पण मॉडेल कंपनीच्या यंत्रावर असते आणि हुबेहूब तेच चित्र मिळेल याची खात्री नसते. डॅल-ई ३ तर वापरणाऱ्याने लिहिलेला प्रॉम्प्ट आधी स्वतःच नव्याने लिहून घेत असे. अशा सेवेवर केलेल्या कामात मोठ्या आकाराची मूळ फाइल हीच खरी नोंद. पुढचे बदल तिच्यावरच करावे लागतील, हे बिल्डरला मंजुरीच्या वेळीच सांगितलेले बरे, दिवाळीनंतर नव्हे.