फंडांच्या शेजारी थेट शेअर किती?

ऑगस्ट 2018 मध्ये येस बँकेचा शेअर 400 रुपयांच्या आसपास होता आणि बँक निफ्टी 50 मध्ये होती. मार्च 2020 मध्ये रिझर्व्ह बँकेने तिच्यावर निर्बंध आणले. पुनर्रचनेच्या योजनेत शंभरहून जास्त शेअर असलेल्यांचे तीन चतुर्थांश शेअर तीन वर्षांसाठी गोठवले गेले. त्याच वर्षी जुलैत बँकेने नवे शेअर विकले, ते 12 रुपयांना. त्याच मार्चमध्ये करोनाच्या धक्क्याने निफ्टीही जानेवारीतल्या उंचीवरून 38 टक्के घसरला होता. पण नोव्हेंबरपर्यंत तो जुनी उंची ओलांडून पुढे गेला. येस बँक तोवर निर्देशांकातून बाहेर पडली होती आणि तिच्या जागी श्री सिमेंट आली होती.

आपल्या गुंतवणुकीतला किती हिस्सा स्वतः निवडलेल्या शेअरमध्ये ठेवायचा, या प्रश्नाचं मूळ इथे आहे. निर्देशांक पडतो तेव्हा आजवर तरी तो सावरला आहे, कारण आजारी कंपनी त्यातून निघते आणि दुसरी आत येते. एकटी कंपनी पडली की ती सावरेलच असं नसतं. डीएचएफएलच्या भागधारकांना 2021 मध्ये कंपनी दुसऱ्याच्या हाती गेली तेव्हा एक पैसाही मिळाला नाही. अमेरिकेतले अर्थशास्त्रज्ञ हेंड्रिक बेसेम्बाइंडर यांनी 1926 ते 2016 या काळातले तिथले सगळे शेअर तपासले. त्यांतल्या निम्म्याहून अधिक शेअरनी त्यांच्या आयुष्यभरात सरकारी अल्पमुदतीच्या रोख्यांइतकाही परतावा दिला नाही, आणि बाजाराने निर्माण केलेली सगळी निव्वळ संपत्ती जेमतेम चार टक्के कंपन्यांतून आली. फंडात ते चार टक्के आपोआप येतात. स्वतः निवडताना ते हातून निसटण्याचीच शक्यता जास्त.

म्हणून ‘दहा टक्के ठेवा’ किंवा ‘वीस टक्के चालतील’ असा तयार आकडा उचलण्याआधी उलट्या बाजूने मोजावं. या हिश्शाचे निम्मे पैसे कायमचे गेले, तर ते भरून काढायला मला किती महिने लागतील?

हिशेबासाठी पुण्यातलं एक घर घेऊ. नवरा आयटी कंपनीत, बायको शिक्षिका, दोघंही चाळिशीत. म्युच्युअल फंडांत 32 लाख जमले आहेत आणि दरमहा 40 हजारांची एसआयपी चालू आहे. डीमॅट खात्यात साडेचार लाखांचे शेअर आहेत. त्यांच्या मते थेट शेअरचा वाटा बारा-तेरा टक्के आहे. पण नवऱ्याकडे त्याच्या कंपनीने दिलेले साडेतीन लाखांचे शेअरही आहेत, आणि ‘ते पगाराचा भाग आहेत’ म्हणून त्यांनी ते हिशेबात धरलेले नाहीत. ते धरायलाच हवेत. एका कंपनीचा शेअर पगारातून आला काय किंवा वडिलांकडून वारशाने आला काय, तो एका कंपनीचाच शेअर असतो. नोकरी आणि शेअर एकाच कंपनीवर अवलंबून असतील, तर वाईट दिवसांत दोन्ही एकदम धोक्यात येतात. म्हणजे खरा आकडा असा: एकूण इक्विटी 40 लाख, त्यात थेट शेअर 8 लाख, वीस टक्के. राहतं घर, पीएफ आणि अडीअडचणीची ठेव या बेरजेत घ्यायची नाही, कारण ते पैसे शेअरच्या नुकसानीची भरपाई करायला काढायचे नसतात.

आता या 8 लाखांचे 4 लाख झाले असं समजू. महिना 40 हजारांच्या हिशेबाने ही दहा महिन्यांची एसआयपी झाली. जवळजवळ वर्षभराची बचत गेलेली जागा भरण्यातच संपेल. मुलीच्या कॉलेजला आठ वर्षं उरलेली असताना हे परवडेल का? दोघं बसून ठरवतात की सहा महिन्यांपर्यंत ठीक, त्यापुढे नको. सहा महिन्यांची एसआयपी म्हणजे 2 लाख 40 हजार. एवढी निम्मी रक्कम धरली तर पूर्ण हिस्सा 4 लाख 80 हजार, म्हणजे 40 लाखांच्या बारा टक्के. ते सोयीसाठी दहा टक्के, 4 लाख ठरवतात.

हा आकडा कोणा तज्ज्ञाने सांगितलेला नाही, तो त्यांच्या बचतीतून आणि त्यांच्या मुदतीतून आला आहे. ज्याची एसआयपी महिना 10 हजार आहे पण साठलेली रक्कम तेवढीच आहे, त्याला याच पद्धतीने तीन टक्के मिळतील. निवृत्तीला दोन वर्षं उरली असतील आणि नवी बचत थांबणार असेल, तर उत्तर शून्याजवळ जाईल.

आता दुसरी बाजू. 4 लाखांवर त्यांनी निर्देशांकापेक्षा दरवर्षी चार टक्के जास्त मिळवले, असं मानू. दीर्घकाळ एवढी आघाडी टिकवणं व्यावसायिक फंड व्यवस्थापकांनाही क्वचितच जमतं. तरी त्यातून वर्षाला 16 हजार रुपये जास्त येतील, म्हणजे 40 लाखांवर 0.4 टक्के. हे पाहून काहींना वाटतं की मग हिस्सा वाढवायला हवा. पण ती चार टक्क्यांची आघाडी खरंच आपल्याकडे आहे, याचा पुरावा हातात आल्याशिवाय वाढवणं चुकीचं. पुरावा कसा जमवायचा ते पुढे येईलच.

ठरलेल्या हिश्शात कंपन्या किती घ्यायच्या? 4 लाख आठ कंपन्यांत वाटले तर प्रत्येकीत 50 हजार, म्हणजे एकूण इक्विटीच्या सव्वा टक्का. एखादी पूर्ण बुडाली तरी एसआयपीचा सव्वा महिना जाईल. चारच कंपन्या घेतल्या तर एका चुकीचे अडीच महिने. पंचवीस घेतल्या तर धोका पसरतो, पण वर्षाला शंभर तिमाही निकाल आणि पंचवीस वार्षिक अहवाल वाचायचे कोणी? ते वाचले जात नाहीत, आणि मग तो न वाचता चालवलेला एक छोटा फंडच होतो. सेबीच्या नियमांनुसार सर्वसाधारण इक्विटी योजनेलाही एका कंपनीच्या शेअरमध्ये दहा टक्क्यांहून जास्त पैसे घालता येत नाहीत, आणि तिथे अभ्यासाला पगारी माणसं असतात. तसंच निफ्टीचा इंडेक्स फंड असताना पुन्हा एचडीएफसी बँक किंवा रिलायन्स वेगळी घेण्याआधी थांबावं. या कंपन्या निर्देशांकात मोठ्या वजनाने आधीच आहेत, म्हणजे आपण त्या अगोदरच घेतलेल्या असतात.

सगळ्यात जास्त गडबड होते ती हिस्सा ठरवल्यानंतर. समजा ते 4 लाख घसरून 2 लाख झाले. टक्केवारी बघितली तर हिस्सा आता दहावरून पाच टक्क्यांच्या आसपास आलेला असतो. ‘आपलं प्रमाण दहा टक्के ठरलंय’ असं म्हणून फंडातले 2 लाख काढून शेअरमध्ये घातले जातात. कागदावर सगळं नियमाप्रमाणे दिसतं, पण प्रत्यक्षात खिशातून 6 लाख गेलेले असतात. आणखी एकदा घसरण आली की सहा महिन्यांची मर्यादा कधीच ओलांडलेली असते. फंड आणि ठेवी यांच्यात असं संतुलन साधणं योग्य आहे, कारण निर्देशांक सावरतो. चुकीच्या कंपन्या निवडल्यामुळे झालेली घट तशी सावरतेच असं नाही.

यावर उपाय म्हणून दोन वेगळ्या मर्यादा लिहून ठेवाव्यात. खालच्या बाजूला मोजायचे ते खिशातून घातलेले पैसे: एकूण 4 लाख, बाजारभाव काहीही असो, त्यापलीकडे नवा रुपया नाही. वरच्या बाजूला मोजायचा तो बाजारभाव: हिस्सा वाढून पंधरा टक्क्यांवर गेला की वरचा भाग विकून फंडात न्यायचा. विकताना घाई करायची गरज नाही. वर्षाहून जास्त ठेवलेल्या शेअर आणि इक्विटी फंडांवरचा मिळून सव्वा लाखापर्यंतचा नफा सध्या एका आर्थिक वर्षात करमुक्त आहे, त्यावर साडेबारा टक्के. त्यामुळे मार्चमध्ये थोडं आणि एप्रिलमध्ये थोडं असं विकलं तर दोन वर्षांची सूट वापरता येते. पुण्याच्या घराने नवऱ्याच्या कंपनीचे साडेतीन लाखांचे शेअर आधी याच पद्धतीने कमी करावेत, कारण जास्तीचा भार तिथूनच आला आहे.

राहिला पुराव्याचा प्रश्न. डीमॅट अॅपवर दिसणारा हिरवा आकडा पुरावा नाही. त्यात विकून टाकलेले तोट्याचे शेअर दिसत नाहीत, आणि त्याच काळात बाजार किती वाढला हेही कळत नाही. त्यासाठी एका वहीत सावलीचं खातं ठेवावं. 50 हजारांचा शेअर घेतला त्या दिवशी निफ्टी इंडेक्स फंडाची एनएव्ही 125 रुपये असेल, तर वहीत 400 युनिट जमा लिहायचे. दोन वर्षांनी तो शेअर 60 हजारांना विकला आणि एनएव्ही त्या दिवशी 160 असेल, तर 375 युनिट वजा करायचे. शिल्लक राहिले 25 युनिट, म्हणजे 4 हजार रुपये. दहा हजारांच्या नफ्याचा आनंद होता, पण तेच पैसे फंडात असते तर 64 हजार झाले असते. लाभांश मिळाला की तेवढ्या रकमेचे युनिट वजा करायचे, दलाली आणि कर भरला की तेवढ्याचे वाढवायचे. हातातल्या शेअरचा बाजारभाव वहीतल्या युनिटच्या किमतीपेक्षा जास्त असेल तर आपण पुढे आहोत, कमी असेल तर मागे.

हे खातं किमान पाच वर्षं चालवावं, आणि त्यात बाजाराची एक मोठी घसरण तरी यायला हवी. तेजीच्या दोन वर्षांत छोट्या कंपन्या घेतलेला जवळजवळ प्रत्येक जण निफ्टीच्या पुढे असतो. घसरणीत त्याच कंपन्या जास्त पडतात, आणि तेव्हाच निवड होती की नुसती लाट होती ते कळतं. पाच वर्षांनी वही मागे दाखवत असेल तर हिस्सा निम्मा करावा आणि उरलेले पैसे फंडात न्यावेत. स्पष्टपणे पुढे दाखवत असेल, तरच दहाचे पंधरा करण्याचा विचार करावा, आणि तेव्हाही महिन्यांचा हिशेब पुन्हा मांडून.

जे आजच सुरुवात करणार आहेत, त्यांनी पुढचा शेअर घेण्याआधी एक काम करावं. एनएसडीएल किंवा सीडीएसएलचं एकत्रित खातेपत्रक काढावं, त्यात कंपनीने दिलेले आणि वारशाने आलेले शेअर मिळवावेत, आणि निम्मे गेले तर किती महिन्यांची एसआयपी जाईल ते लिहावं. तो आकडा सहाच्या वर असेल, तर नवा शेअर घेऊ नका. आधी हिस्सा कमी करा.