थंडी सगळ्यात शेवटी दाखवा

शार्ल मिनार या निवृत्त फ्रेंच स्थापत्य अभियंत्याने १८६९ मध्ये, वयाच्या ८८व्या वर्षी, नेपोलियनच्या १८१२ मधल्या रशिया मोहिमेचा नकाशा छापला. आलेखांविषयीच्या पुस्तकांत तो हमखास भेटतो आणि त्यामुळे व्याख्यानांच्या पडद्यावरही येतो. तिथे मात्र बऱ्याचदा फसतो. वक्ता अख्खा नकाशा एकदम दाखवून बोलायला लागतो, आणि श्रोते तोवर गावांची बारीक नावं वाचण्यात गुंतलेले असतात.

डावीकडे नीमेन नदी, उजवीकडे मॉस्को. जाणाऱ्या सैन्याचा पट्टा फिकट, परतणाऱ्याचा काळा. पट्ट्याची जाडी म्हणजे माणसं. दहा हजारांना एक मिलिमीटर. तळाशी तापमानाचा आलेख. कागद हातात घेऊन निवांत वाचायला हे उत्तम आहे. पडद्यावर मात्र ते टप्प्याटप्प्यानेच उलगडावं लागतं, आणि कोणता टप्पा आधी यावर श्रोता काय समजून घरी जाणार हे ठरतं.

पहिल्या स्लाइडवर नुसत्या नद्या आणि चार-पाच गावं असावीत. दुसरीवर फिकट पट्टा आणि दोनच आकडे: नीमेनपाशी ४,२२,०००, मॉस्कोत १,००,०००. इथे वक्त्याने थांबावं. कडाक्याची थंडी अजून पडलेलीच नाही आणि तरी पट्टा चौथाईपेक्षाही बारीक झाला आहे, हे लोकांना स्वतःच्या डोळ्यांनी दिसू द्यावं. हिवाळ्याने नेपोलियनला हरवलं, ही बहुतेकांची पक्की समजूत असते. तापमानाचा आलेख आधीपासून पडद्यावर असला, तर नजर तिकडेच जाते आणि समजूत तशीच राहते.

तिसऱ्या स्लाइडवर वाटेत बाजूला पाठवलेल्या तुकड्या दाखवाव्यात: २२,००० आणि ६०,०००. म्हणजे घटलेले ३,२२,००० सगळेच मेले नव्हते. मागे ठेवलेल्या शिबंद्या नकाशात वेगळ्या दाखवलेल्या नाहीत, हेही इथेच सांगून टाकावं, कुणीतरी विचारणारच.

मग काळा पट्टा मॉस्कोहून निघतो. बेरेझिना नदीपाशी त्यावरचा आकडा ५०,००० वरून २८,००० वर येतो. तेवढ्याच जागेभोवती वर्तुळ काढावं आणि बाकीचा नकाशा पुसून न टाकता फिकट करावा. नाहीसा केला, तर आपण नकाशात कुठे आहोत हे श्रोत्याला पुन्हा शोधावं लागतं.

थंडी शेवटी. तिच्यात एक फसवी गोष्ट आहे. हा आलेख फक्त परतीचा, म्हणून काळ उजवीकडून डावीकडे सरकतो. सवयीने डावीकडून वाचणाऱ्याला उणे ३० हा आकडा सुरुवातीला दिसतो. प्रत्यक्षात तो ६ डिसेंबरचा आहे, आणि तोही रेओम्यूर मापातला, म्हणजे उणे ३७.५ सेल्सियस. आलेख उजवीकडूनच उघडत नेला की वेगळं समजवावं लागत नाही. शेवटी नीमेनपाशी परतलेले १०,००० येतात आणि सगळा नकाशा एकत्र दिसतो.

हे बनवताना काम उलटं करावं. आधी संपूर्ण चित्र सुट्या तुकड्यांत काढून शेवटची स्लाइड तयार करायची. तिची नक्कल करून शेवटचा तुकडा काढायचा, त्या नकलेची नक्कल करून त्याआधीचा, असं मागे मागे जायचं. पुढून बांधत गेल्यास नंतर येणाऱ्या तुकड्याला जागा पुरत नाही, मग आधीचे सरकवावे लागतात. स्लाइड बदलताना नद्या किंचित जरी हलल्या, तरी नजर त्या हालचालीकडे जाते आणि नवा तुकडा निसटतो. पटापट पुढे-मागे जाऊन पाहिलं की ही चूक लगेच सापडते.

एकाच स्लाइडवर अ‍ॅनिमेशन लावून हेच करता येतं, आणि आलेख उजवीकडून उघडायला `Wipe` सोयीचं आहे. पण फाइल पीडीएफ केली की टप्पे जातात, सगळं एकाच पानावर येतं. दुसऱ्याच्या संगणकावर बोलायचं असेल, तर नकला केलेल्या स्लाइड बऱ्या. तापमानाचा आलेखही मग तीन स्लाइडवर तोडावा.

हा नकाशा विसाव्या शतकात नावारूपाला आणणारे एडवर्ड टफ्टी स्लाइडवर माहितीचे तुकडे करण्याचे कडवे विरोधक आहेत. सगळं एका नजरेत दिसलं तरच तुलना होते, हा त्यांचा मुद्दा खरा आहे. म्हणून शेवटची पूर्ण स्लाइड घाईने पुढे ढकलू नये. प्रश्नोत्तरं संपेपर्यंत तीच पडद्यावर ठेवावी आणि शक्य असेल तर छापून प्रत्येकाच्या हातात द्यावी. ती छापील प्रत वाटावी मात्र व्याख्यान संपल्यावर.