परत आलेल्या नोंदीचं पुढे काय?

पुण्यातलं चौदा जणांचं एक स्ट्रक्चरल डिझाइन ऑफिस उदाहरणादाखल डोळ्यांसमोर आणू. इंजिनिअर, ड्राफ्ट्समन, दोन प्रोजेक्ट लीड, हिशेब पाहणाऱ्या एक बाई आणि मालक. कोणी कोणत्या कामावर किती तास घातले, हे टाइमशीटवर लिहिलं जातं आणि त्यावरून ग्राहकाचं बिल निघतं. अशा ऑफिसात टाइमशीट भरण्याचा फॉर्म तासाभरात तयार होतो. पण एखादी नोंद चुकीची निघाली, तर ती कोणी, कोणाकडे आणि कधीपर्यंत पाठवायची हे ठरलेलं नसतं. व्हॉट्सॲपवर ‘बुधवारचं जरा बघ’ एवढा निरोप जातो आणि महिनाअखेरीला ती नोंद कोणाच्याच लक्षात नसते.

वेळापत्रक आखताना शेवटच्या तारखेपासून मागे यावं. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेपर्यंत व्हायला हवा. दरमहा जीएसटी भरणाऱ्यांना बिलांचा तपशील देणारं जीएसटीआर-१ अकरा तारखेपर्यंत भरायचं असतं. या दोन तारखा धरल्या की आठवड्याचा क्रम सहज बसतो: शुक्रवारी संध्याकाळी सहापर्यंत प्रत्येकाने टाइमशीट द्यायचं, सोमवारी दुपारी बारापर्यंत लीडने तपासायचं, परत आलेल्या नोंदी मंगळवारी संध्याकाळपर्यंत दुरुस्त करायच्या आणि बुधवारी सकाळी अकराला आठवडा कुलूपबंद. महिना मधल्याच वारी संपला, तर आठवडा तिथेच तोडायचा. ३० जून २०२६ हा मंगळवार आहे. त्या आठवड्याच्या सोमवार-मंगळवारच्या नोंदी शुक्रवारची वाट न पाहता बुधवारीच घ्याव्या लागतील, कारण सात जुलैला फक्त आठवडाच उरतो.

तपासणारे दोघे पुरतात, मात्र दोघांनी वेगवेगळं पाहायचं. काम खरंच त्या प्रोजेक्टचं होतं का आणि तेवढे तास पटतात का, हे लीड सांगू शकतो. रजा, हजेरी आणि तासांची बेरीज हिशेबाच्या बाई जुळवतात. स्वतःचं टाइमशीट कोणीच मंजूर करायचं नाही. लीडचं मालकाकडे जातं. लीड रजेवर असेल तर दुसरा लीड बदली म्हणून आधीच नेमलेला असावा, नाहीतर सोमवारी सगळंच अडतं.

आता एक नोंद जवळून पाहू. ज्युनिअर इंजिनिअरने बुधवारी साताऱ्याच्या हॉस्पिटलच्या मूळ कामावर सहा तास लिहिले. लीडला आठवलं, की त्या दिवशी ग्राहकाने जिना बदलून मागितला होता आणि ते जादा काम होतं. त्याने संपूर्ण टाइमशीट परत केलं नाही. बाकीच्या नोंदी मंजूर करून तेवढीच ओळ परत पाठवली. कारण लिहिलं: ‘कोड चुकीचा. जिन्याचा बदल जादा कामात टाकावा.’

मंगळवारी उत्तर आलं: जिन्याला दोनच तास गेले, उरलेले चार तास आधीच्या ड्रॉइंगमधली बीमची चूक सुधारण्यात गेले. नोंद दोन ओळींत विभागली गेली. ताशी ९०० रुपये दर धरला, तर जादा कामाचं बिल १,८०० रुपयांचं झालं. लीडने घाईत स्वतःच कोड बदलला असता, तर ऑफिसच्याच चुकीचे चार तास धरून ग्राहकाला ५,४०० रुपयांचं बिल गेलं असतं. म्हणून तपासणाऱ्याने नोंदीला हात लावू नये. ती ज्याची त्यानेच बदलावी आणि आधीची नोंदही इतिहासात दिसत राहावी.

हे येणं-जाणं दोनदाच होऊ द्यावं. दुसऱ्या खेपेलाही एकमत झालं नाही, तर बुधवारी अकराच्या आत मालक दोघांशी बोलून निकाल देतो. तोवर बिलातली तेवढी ओळ थांबते. पगार मात्र हजेरीवरून ठरतो. कोडच्या वादात तो अडकवायचा नाही.

मंजुरी नावापुरती होऊ लागली, की ते नोंदींवरूनच दिसतं. चौदा टाइमशीटं सोमवारी पाच मिनिटांत मंजूर होतात, प्रत्येकाच्या प्रत्येक दिवशी नेमके आठ तास असतात. याउलट एकाच कारणासाठी बऱ्याच जणांच्या नोंदी परत येत असतील, तर कोडची यादी तपासावी. ‘मूळ काम’ आणि ‘जादा काम’ यांतला फरक बहुधा यादीत नीट लिहिलेलाच नसतो.

कुलूप लागल्यानंतर सापडलेल्या चुकीसाठी जुना आठवडा उघडू नये, कारण त्यावर बिल गेलेलं असतं. चालू आठवड्यात जुन्या कोडवर उणे दोन तास आणि योग्य कोडवर अधिक दोन तास, अशी जोडनोंद करावी. शेऱ्यात मूळ तारीख लिहावी आणि तीही नेहमीसारखी लीडकडून मंजूर करून घ्यावी. हिशेबाच्या बाई पुढच्या बिलात तेवढी रक्कम वळती करतात. गरज पडली तर ग्राहकाला क्रेडिट नोट देतात.